साठ स्पेस आणि बारा मिलिमीटर

रेझ्युमे टाइप करताना पदाचं आणि कंपनीचं नाव डावीकडे लिहायचं आणि वर्षं उजव्या कडेला न्यायची म्हणून स्पेसबार दाबत राहायचं, ही सवय फार पसरलेली आहे. आपल्या स्क्रीनवर सगळी वर्षं एकाखाली एक नीट बसतात. तीच वर्डची फाइल एचआरच्या फोनवर उघडते तेव्हा कुठलं वर्ष आत सरकलेलं असतं, कुठलं खालच्या ओळीत पडलेलं असतं आणि एका पानाचा रेझ्युमे दोन पानांवर गेलेला असतो. फाइल वाटेत खराब झाली असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तिच्यातला एकही बाइट बदललेला नसतो.

कारण वर्डच्या फाइलमध्ये पान नसतंच. `.docx` ही खरं तर एक झिप फाइल आहे. तिच्या प्रतीचं एक्स्टेन्शन `.zip` करून उघडलं तर आत `word/document.xml` सापडते आणि तिच्यात आपला मजकूर अशा सूचनांसकट दिसतो:

```xml
<w:rFonts w:ascii="Calibri"/>
<w:sz w:val="22"/>
```

म्हणजे ‘कॅलिब्री फाँट लाव, आकार ११ पॉइंट ठेव’ (इथे आकार अर्ध्या पॉइंटात मोजतात, म्हणून २२). अक्षरांचे आकार सहसा फाइलमध्ये नसतात, फक्त फाँटचं नाव असतं. ओळ कुठे मोडायची, पान कुठे संपवायचं, हे फाइल उघडणारं सॉफ्टवेअर दर वेळी नव्याने ठरवतं. त्या यंत्रावर कॅलिब्री नसेल तर ते त्यातल्या त्यात जवळचा वाटणारा दुसरा फाँट लावतं, आणि बहुतेकदा तसं सांगतही नाही.

आता आकडे मांडून बघू. समजा, फोनमधल्या एखाद्या साध्या व्ह्यूअरने कॅलिब्रीऐवजी एरियलच्या मापाचा फाँट लावला. ११ पॉइंटला कॅलिब्रीतली एक स्पेस सुमारे ०.८८ मिलिमीटर रुंद असते, एरियलमधली १.०८. साठ स्पेस दाबल्या असतील तर कॅलिब्रीत त्या ५३ मिलिमीटर जागा घेतात आणि एरियलमध्ये ६५. फरक बारा मिलिमीटरचा. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद असतो आणि दोन्ही बाजूंना एकेक इंच समास सोडला तर ओळीला १५९ मिलिमीटर उरतात. डावीकडचा मजकूर ८५, स्पेस ५३ आणि `2021–2024` हे १८, अशी बेरीज १५६ होते आणि ओळ जेमतेम बसते. फाँट बदलल्यावर नुसत्या स्पेसमुळेच ती १६८ वर जाते. शिवाय अक्षरंही फुगतात. इंग्रजीत सर्वांत जास्त लागणारं `e` एरियलमध्ये सुमारे बारा टक्के रुंद आहे. मग वर्ष खालच्या ओळीत जातं, प्रत्येक नोकरीमागे एक ओळ वाढते आणि तळाशी असलेला शिक्षणाचा भाग पुढच्या पानावर ढकलला जातो.

यावर वर्डमध्येच उपाय आहे, तो म्हणजे उजवा टॅब. वरच्या मोजपट्टीच्या म्हणजे रूलरच्या डाव्या टोकाला टॅबचं चिन्ह असतं. त्यावर क्लिक करत उजवा टॅब निवडायचा, पट्टीवर उजव्या समासाशी क्लिक करायचं आणि साठ स्पेसच्या जागी `Tab` एकदाच दाबायचं. आता फाइलमध्ये ‘समासापासून अमुक अंतरावर मजकूर संपव’ अशी सूचना जाते. फाँट कुठलाही लागला तरी ते अंतर बदलत नाही, वर्षं सरळ रेषेतच राहतात. ओळी मोडणं मात्र याने थांबत नाही.

ते थांबतं पीडीएफमध्ये. अडोबीने १९९३ साली हा प्रकार आणला आणि २००८ पासून तो आयएसओचं प्रमाण आहे. इथे सूचना नसतात, हिशेबाचं उत्तर असतं. ए-फोर पान म्हणजे ५९५ बाय ८४२ पॉइंटांचा चौकोन आणि त्यातली अक्षरं नेमकी कुठे उमटवायची याचे आकडे. वर्डमधून `Save As` करून पीडीएफ बनवली की वापरलेल्या अक्षरांचे आकारही सहसा फाइलमध्येच जातात. खात्री करायची असेल तर अॅक्रोबॅट रीडरमध्ये `Properties` उघडून `Fonts` बघावं. फाँटच्या नावापुढे `Embedded Subset` दिसलं की निर्धास्त राहा.

पण पीडीएफ ही मुळात डोळ्यांसाठी आहे, आणि मोठ्या कंपन्यांत रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं. छापलेल्या कागदाचा फोनवर फोटो काढून केलेल्या पीडीएफमध्ये अक्षरं नसतात, नुसतं चित्र असतं. म्हणून पाठवण्याआधी पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून बघा. काहीच आलं नाही तर ते चित्र आहे. दोन रकान्यांच्या सजवलेल्या रेझ्युमेत कधी डाव्या आणि उजव्या रकान्यातल्या ओळी एकमेकींत मिसळून येतात, तेही इथेच कळतं. देवनागरीत हा धोका जास्त. पहिली वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते पण दिसते त्याच्या आधी, आणि जोडाक्षराला अनेकदा स्वतंत्र आकार असतो. त्या आकारावरून मूळ अक्षरांकडे परत जाताना ‘शिक्षण’सारखा शब्द तुटक येऊ शकतो. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलं असेल तर पीडीएफ डोळ्यांना ठीक दिसेल, पण कॉपी केल्यावर अगम्य चिन्हं मिळतील. मराठी रेझ्युमे युनिकोडमध्येच टाइप करावा.

काहीजण फोनवर `.docx` खोडून `.pdf` लिहितात आणि पीडीएफ झाली असं समजतात. अर्जाचं पोर्टल मग फाइल नाकारतं. फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर खरं काय ते पहिल्याच अक्षरांत कळतं. पीडीएफची सुरुवात `%PDF-` अशी असते आणि वर्डच्या फाइलची `PK` अशी. ही झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं!

नावाबद्दल थोडंच सांगायचं आहे. `resume.pdf` हे नाव आपल्या संगणकावर एकमेव असतं, पण एचआरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये ते `resume (14).pdf` होतं. त्यापेक्षा `Naav_Aadnaav_Accounts.pdf` अशा धर्तीवर नाव, आडनाव आणि पद लिहावं. `final_new2` लिहून आपली घालमेल तेवढी समोरच्याला कळते. तारखेतली `/` विंडोज स्वीकारत नाही. देवनागरी नावं आजच्या संगणकांना चालतात, पण वेबच्या पत्त्यात एकट्या ‘न’चं `%E0%A4%A8` होतं आणि काही पोर्टल अशी नावं नाकारतात. इथे रोमन लिपीच बरी. आणखी एक नाव लपलेलं असतं. मित्राच्या रेझ्युमेवर आपला मजकूर चढवला असेल तर `Properties` मधल्या `Title` मध्ये त्याचं नाव राहून जातं आणि ब्राउझरच्या टॅबवर तेच झळकतं. पीडीएफ करण्याआधी वर्डमध्ये `File` आणि मग `Info` उघडून ते बदलावं.

प्लेसमेंट कन्सल्टन्सी अनेकदा मुद्दाम वर्डची फाइल मागतात, कारण त्यांना तुमचा फोन नंबर काढून स्वतःचं लेटरहेड लावायचं असतं. तेव्हा वर्डच पाठवावी लागते. अशा फाइलला एरियल किंवा टाइम्स न्यू रोमन लावा. या दोन्हींच्या मापाबरहुकूम बनवलेले मोफत लिबरेशन फाँट लिब्रेऑफिससोबत येतात, त्यामुळे बदली फाँट लागला तरी अक्षरांची रुंदी तीच राहते. पानाच्या तळाशी तीन-चार ओळींची जागा मात्र मोकळी सोडा.