कर्मचाऱ्यांच्या शिफारशीतून भरती: बक्षीस कसे ठरवावे आणि दार सर्वांसाठी उघडे कसे ठेवावे

हे माहितीपत्रक पन्नास ते शंभर माणसे कामाला असलेल्या आमच्या कारखानदार ग्राहकांसाठी आहे. अशा कारखान्यात ‘कोणी ओळखीचा असेल तर सांगा’ असे सुपरवायझरने शॉपफ्लोअरवर सांगितले की दोन दिवसांत नावे येतात. माणूस लवकर मिळतो, कामाची पूर्वकल्पना घेऊन येतो आणि सहसा टिकतोही. मात्र चार-पाच वर्षे भरती याच वाटेने होत राहिली, तर एकाच तालुक्यातील, एकाच आयटीआयच्या बॅचमधील किंवा एकाच घरातील माणसे एका विभागात एकवटतात. मग एकाचे बिनसले की पाचजण राजीनामा देतात, आणि बाहेरच्या चांगल्या कारागिराला जागा रिकामी असल्याचे कळतही नाही. पहिला फायदा टिकवून दुसरा तोटा टाळायचा असेल, तर बक्षीस, शिफारशीचा अर्ज आणि निवड या तिन्हींची रचना आधी लेखी ठरवावी लागते.

या धोक्याचा इतिहास मुंबईचाच आहे. कापडगिरण्यांमध्ये भरती जॉबरच्या हाती असे. तो आपल्या गावची, आपल्या जातीची माणसे आणत असे आणि नोकरी लावून दिल्याबद्दल त्यांच्याकडून दस्तुरी घेत असे. १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या रॉयल कमिशन ऑन लेबर इन इंडियाने, म्हणजे व्हिटली आयोगाने, कामगार नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा आणि त्यासाठी लेबर ऑफिसर नेमावेत, असे सुचवले. आजच्या कारखान्यात जॉबर हे पद नाही. तरीही एकाच माणसाच्या शब्दावर वर्षानुवर्षे भरती झाली, की तो माणूस न नेमलेला जॉबर होतो. म्हणून आमच्या आराखड्याचा पहिला नियम असा आहे, की एका कर्मचाऱ्याला एका वर्षात जास्तीत जास्त दोन नेमणुकांचे बक्षीस मिळेल, आणि रुजू होणारा प्रत्येक उमेदवार ‘या नोकरीसाठी मी कोणालाही पैसे दिलेले नाहीत’ असे लिहून देईल.

पुढचा हिशेब एका उदाहरणावर मांडतो. समजा, भोसरी एमआयडीसीतील एका मशीन शॉपमध्ये ६४ माणसे आहेत आणि वर्षभरात सीएनसी ऑपरेटरच्या आठ जागा भरायच्या आहेत. पगार महिना २२,००० रुपये आहे. प्लेसमेंट एजन्सी वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एक महिन्याचा पगार घेते असे धरले, तर एका माणसामागे सुमारे २२,००० रुपये जातात. हा आकडा पाहून अनेक मालक शिफारशीचे बक्षीसही पंधरा-वीस हजारांवर नेतात. आमचे मत याच्या विरुद्ध आहे. युरोपातील एका किराणा दुकानांच्या साखळीत संशोधकांनी वेगवेगळ्या दुकानांना वेगवेगळ्या रकमांची बक्षिसे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे नेमून दिली होती. रक्कम वाढली तशा शिफारशी थोड्या वाढल्या, पण शिफारस झालेल्या माणसांचा दर्जा उतरला. त्याच अभ्यासात असेही दिसले, की योजना असलेल्या दुकानांत शिफारशीशिवाय आलेली माणसेही जास्त टिकली, कारण भरतीत आपले मत विचारले जाते हे कर्मचाऱ्यांना आवडले. म्हणजे विचारले जाणे हाही बक्षिसाचा एक भाग आहे, आणि रोख रक्कम माफक ठेवता येते.

या कारखान्यासाठी आम्ही ६,००० रुपये सुचवू. उमेदवार रुजू झाल्यावर १,०००, तीन महिने पूर्ण झाल्यावर २,००० आणि सहा महिने पूर्ण होऊन त्याचे काम समाधानकारक ठरल्यावर ३,००० असे ते द्यावेत. रक्कम प्रत्येक पदासाठी सारखीच ठेवावी. ऑपरेटरमागे सहा हजार आणि मॅनेजरमागे साठ हजार ठेवले, तर ज्याची ओळख मोठ्या पगाराच्या माणसांत आहे त्यालाच खरा लाभ होतो, आणि लोडिंगवरच्या माणसाला आपली शिफारस हलकी मानली जाते असे वाटते. कॉन्ट्रॅक्टवरील कामगार, सुरक्षारक्षक आणि कॅन्टीनमधील माणसे यांनाही योजना खुली असावी, कारण आजूबाजूच्या कारखान्यांतील माणसे त्यांच्या ओळखीची असतात आणि कायम कर्मचाऱ्यांच्या ओळखीपेक्षा ती वेगळी असतात. मालक, भरती पाहणारा अधिकारी आणि ज्या विभागात जागा आहे त्याचा प्रमुख यांना मात्र बक्षीस नसावे.

रकमेचा मोठा भाग शेवटी देण्यामागे कारण आहे. लोरी बीमन आणि जेरेमी मॅग्रुडर यांनी कोलकात्यात केलेला एक प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काहींना नुसते नाव आणल्याबद्दल ठरावीक रक्कम होती, तर काहींची रक्कम आणलेल्या माणसाच्या कामगिरीवर अवलंबून होती. दुसऱ्या गटातील लोकांनी नातेवाईक कमी आणले आणि एकत्र काम केलेले सहकारी जास्त आणले. नातेवाइकाचे भले करण्याची ओढ स्वाभाविक आहे, तिला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र पैसे कामगिरीला बांधले, की माणूस ‘कोणाला नोकरी हवी आहे’ याऐवजी ‘कोणाला हे काम येते’ असा विचार करू लागतो.

हप्त्यांमुळे निर्माण होणारे वाद आधीच मिटवून ठेवावेत. ऑर्डर कमी झाल्या म्हणून कारखान्याने नव्या माणसाला काढले, तर उरलेले हप्ते शिफारस करणाऱ्याला द्यावेत, कारण त्याच्या पारखीत चूक नव्हती. नवा माणूस स्वतःहून गेला, तर पुढचे हप्ते थांबतील, पण दिलेले परत मागू नयेत. एकाच उमेदवाराचे नाव दोघांनी दिले, तर ज्याची नोंद आधी झाली त्याला बक्षीस मिळावे. बक्षीस पगारपत्रकातूनच द्यावे. ते करपात्र उत्पन्नात धरले जाते हेही आधी सांगून ठेवावे, म्हणजे हातात कमी आले अशी तक्रार राहत नाही.

आता शिफारशीच्या अर्जाविषयी. नाव आणि मोबाइल नंबर एवढेच विचारणारा अर्ज मित्रच आणतो. आमच्या नमुना अर्जातील मुख्य प्रश्न असा आहे: ‘या व्यक्तीचे काम आपण स्वतः कोठे, कोणत्या मशीनवर आणि किती काळ पाहिले आहे?’ उत्तर ‘पाहिलेले नाही’ असले तरी अर्ज स्वीकारावा, पण ते उत्तर निवडीच्या वेळी समोर असावे. नाते असल्यास ते लिहिणे बंधनकारक करावे. नाते असणे हा दोष नाही, लपवणे हा दोष मानावा. अर्जासोबत आधीच्या कारखान्यातील सहकारी, अप्रेंटिसशिपमधील सोबती, रोज एकाच कंपनी बसने येणारी माणसे अशी आठवण करून देणारी यादी द्यावी. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७०च्या दशकातील अभ्यासात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांची ती ओळख अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाशी होती. रोज भेटणाऱ्या मित्राला सहसा तेच ठाऊक असते, जे आपल्याला असते.

अर्जावर एका नावाऐवजी दोन नावांची जागा ठेवावी, एक पुरुषाचे आणि एक स्त्रीचे, आणि दुसरी जागा रिकामी ठेवण्याची मुभा द्यावी. आफ्रिकेतील मलावी देशात झालेल्या भरतीच्या एका प्रयोगात मोकळीक दिल्यावर पुरुषांनी स्त्रियांची नावे फार कमी दिली, पण स्त्रीचेच नाव द्या असे सांगितल्यावर त्यांना योग्य स्त्रिया सुचवता आल्या. म्हणजे ओळख होती, आठवण झाली नव्हती. स्त्रीच्या नावाला जास्त बक्षीस ठेवावे का, असे काही ग्राहक विचारतात. आम्ही तसे सुचवत नाही. त्याने रुजू होणाऱ्या बाईंवर पहिल्याच दिवशी ‘जास्त पैशांची नेमणूक’ असा शिक्का बसतो, आणि वेतन संहिता, २०१९ भरतीत लिंगावरून भेद करण्यास मनाई करते. उमेदवाराची माहिती त्याच्या संमतीनेच द्यावी, ही ओळही अर्जावर असावी.

शिफारस हे भरतीच्या अनेक दारांपैकी केवळ एक दार असावे. प्रत्येक जागेची सूचना फलकावर, जवळच्या आयटीआयमध्ये आणि महास्वयं पोर्टलवर एकाच दिवशी जावी, आणि अर्ज किमान दहा दिवस खुले राहावेत. आठपैकी चारपेक्षा जास्त जागा शिफारशीतून भरू नयेत. या हिशेबाने वर्षाचे बक्षीस जास्तीत जास्त २४,००० रुपये होते, आणि तेवढ्याच चार माणसांसाठी एजन्सीला सुमारे ८८,००० रुपये द्यावे लागले असते.

सर्वांची ट्रेड टेस्ट एकच असावी, आणि तपासणाऱ्याला नाव न कळता फक्त टोकन क्रमांक कळावा. उदाहरणार्थ, ईएन-८ च्या बारमधून २४ मिलिमीटर व्यासाचा, ±०.०२ मिलिमीटर टॉलरन्सचा भाग काढायचा आहे, आणि टूलचा ऑफसेट मुद्दाम असा ठेवला आहे की पहिला पीस २४.०६ निघेल. उमेदवार मायक्रोमीटरने मोजतो का, एक्स अक्षाच्या वेअर ऑफसेटमध्ये उणे ०.०६ टाकतो का, आणि दुसरा पीस पुन्हा मोजतो का, एवढे तीन मुद्दे टोकनसमोर नोंदवावेत. यात ओळखीला शिरायला जागा उरत नाही. शिफारस करणारा कर्मचारी टेस्टच्या किंवा मुलाखतीच्या वेळी तेथे नसावा.

वर्षाअखेरीस योजना नीट चालली का, हे नेमणुकांच्या एकूण आकड्यावरून कळत नाही. प्रत्येक पायरीवर किती जण पुढे गेले, हे वेगवेगळे पाहावे लागते. समजा, शिफारशीचे २० आणि बाहेरचे ६० असे ८० अर्ज आले. टेस्टमध्ये शिफारशीचे ९ आणि बाहेरचे १८ उत्तीर्ण झाले. नेमणूक शिफारशीच्या ५ जणांची आणि बाहेरच्या ३ जणांची झाली. टेस्टपर्यंत शिफारशीचे उमेदवार पुढे आहेत, ४५ टक्क्यांसमोर ३० टक्के, आणि यात गैर काही नाही, कारण कर्मचाऱ्यांनी पारख करूनच नावे दिली असणार. पण टेस्ट उत्तीर्ण झाल्यावर शिफारशीच्या नऊपैकी पाचजण घेतले गेले आणि बाहेरच्या अठरापैकी केवळ तीन. तीच टेस्ट दिलेल्या माणसांत एवढा फरक पडला, तर तो मुलाखतीच्या खोलीत पडला आहे, आणि चारची मर्यादाही तेथेच ओलांडली गेली आहे. अशा वेळी बक्षिसाची रक्कम बदलून उपयोग होत नाही. मुलाखत घेणाऱ्यांना प्रश्न आणि गुण लेखी ठरवून द्यावेत, मुलाखतीच्या कागदावरून शिफारस करणाऱ्याचे नाव काढावे, आणि नाकारलेल्या पंधराजणांच्या नकाराचे कारण प्रत्येकी एका ओळीत लिहून मागावे.

लहान आकड्यांतून घाईने निष्कर्ष काढू नये. आठ नेमणुकांत एखादा इकडेतिकडे योगायोगाने होतो, म्हणून दोन वर्षांची नोंद एकत्र पाहावी. त्यासाठी एक साधी वही पुरते. उमेदवाराचा टोकन क्रमांक, तो कोणत्या दाराने आला, शिफारस करणाऱ्याचा विभाग, टेस्टचा निकाल, मुलाखतीचा निकाल आणि सहा महिन्यांनी तो कामावर आहे का, एवढे रकाने तिच्यात आखावेत. एखाद्या विभागातील निम्म्याहून अधिक माणसे दोन-तीन शिफारस करणाऱ्यांमार्फत आली आहेत असे या वहीत दिसले, तर त्या विभागाची पुढची जागा शिफारशीविना भरावी आणि त्याचे कारण त्या विभागाला मोकळेपणाने सांगावे.