कास्कारा: कॉफीच्या फळाच्या सालीचा चहा

कास्कारा म्हणजे कॉफीच्या फळाची वाळवलेली साल, आणि ती गरम पाण्यात भिजवून जे पेय होतं त्यालाही कास्काराच म्हणतात. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ नुसता साल किंवा टरफल एवढाच आहे. सोयीसाठी याला चहा म्हणतात पण चहाच्या झाडाशी याचा काही संबंध नाही, झाड कॉफीचंच, फक्त आपण ज्याला कॉफी म्हणतो ती त्या फळातली बी भाजून केलेली असते आणि इथे बी बाजूला काढून वरचं आवरण वापरलेलं असतं. एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कास्कारा सॅग्राडा नावाची वस्तू पूर्ण वेगळी आहे, ती उत्तर अमेरिकेतल्या एका झाडाची साल, जुन्या काळापासून रेचक म्हणून वापरलेली. नाव अर्धं सारखं असल्यामुळे ऑनलाइन मागवताना घोळ होऊ शकतो, म्हणून पाकिटावर कॉफीचा उल्लेख आहे ना ते बघूनच घ्यावं.

फळाचा नेमका कुठला भाग यात येतो हे समजून घेतलं की पुढचं बरंच सोपं होतं. पिकलेलं कॉफीचं फळ लाल किंवा पिवळं असतं, बाहेर पातळ कातडी, आत थोडासा गोड गर, मग बुळबुळीत चिकट थर, त्याच्या आत पार्चमेंट नावाचं कडक कागदासारखं आवरण आणि मग बिया. ओल्या पद्धतीत तोडणीनंतर लगेच फळं पल्पर नावाच्या सोलणाऱ्या यंत्रातून काढतात, बिया एका बाजूला पडतात, कातडी आणि गर दुसऱ्या बाजूला, आणि हा दुसरा ढीग वाळवला की आज कॅफेत मिळतो तो कास्कारा. कोरड्या पद्धतीत आख्खं फळ उन्हात वाळवतात आणि नंतर कांडून बी काढतात, त्यामुळे फोलपटात पार्चमेंटचे तुकडेही येतात, ही साल जास्त कडक आणि लाकडासारखी. येमेनमध्ये सालीच्या पेयाला किश्र म्हणतात, तो मुख्यतः या दुसऱ्या प्रकारचा. दोन्हींना सरसकट एकच म्हणून टाकतात पण कपात फरक कळतो.

मूळ कुठलं यावर मतं एक नाहीत. येमेनमधले सूफी पंधराव्या शतकात रात्रीच्या जिक्रसाठी, म्हणजे देवाच्या नामस्मरणासाठी, जागं राहायला कहवा नावाचं पेय घ्यायचे इथपर्यंत साधारण सगळे मान्य करतात, पण तो कहवा कशाचा होता हा खरा प्रश्न. सोळाव्या शतकातला लेखक अल-जझीरी, ज्याने कॉफीबद्दलच्या जुन्या हकिकती गोळा केल्या, तो दोन प्रकार सांगतो, एक नुसत्या सालीचा, किश्रिय्या, आणि दुसरा साल आणि बी एकत्र घालून केलेला, बुन्निय्या. यावरून काही अभ्यासक म्हणतात की सालीचं पेय आधीचं असणार, कारण साल नुसती उकळली तरी चव उतरते, बी मात्र भाजल्याशिवाय पिण्यालायक होत नाही. दुसरं मत असं की अगदी सुरुवातीचा कहवा कॉफीचा नसून खात नावाच्या उत्तेजक झुडपाच्या पानांचा असावा आणि कॉफी नंतर त्याच्या जागी आली. अडचण ही आहे की अल-जझीरी ज्या काळाबद्दल सांगतो त्यानंतर साधारण शंभर वर्षांनी लिहितोय, त्यामुळे त्याच्या काळात दोन्ही प्रकार प्यायले जात होते एवढंच त्यातून पक्कं होतं, क्रम नाही. साल आधी हे मत जास्त पटण्यासारखं वाटतं, पण तो अंदाजच.

नंतरच्या प्रवाशांच्या नोंदी जास्त ठाम आहेत. 1716 मध्ये फ्रेंच लेखक ला रोक याने अरबस्तानच्या सफरीचं वर्णन छापलं, त्यात सालीच्या पेयाला सुलतानी कॉफी अशा अर्थाचं फ्रेंच नाव आहे. 1760 च्या दशकात येमेन फिरलेला कार्स्टेन नीबूर हाही लिहितो की तिथले लोक बीपेक्षा सालीचं पेय पसंत करतात. यामागे बी अंगाला उष्ण पडते ही समजूत होती, आणि मोखा बंदरातून बीला परदेशात चांगला भाव मिळत असल्यामुळे साल घरी राहात असणार हेही कारण असावं. बोलिव्हियात या पेयाला सुलताना म्हणतात, फ्रेंच नावाशी ते जुळतं खरं, पण मधला दुवा दाखवणारं काही नाही तोवर दोन्ही जोडू नयेत. इथिओपियात हेच पेय हशारा म्हणून ओळखलं जातं. येमेनमध्ये सालीबरोबर आलं घालून उकळतात, कधी दालचिनीही.

स्पेशालिटी कॉफीच्या, म्हणजे निवडक उत्तम दर्जाच्या कॉफीच्या, दुनियेत कास्कारा आला तो 2000 च्या दशकात, आणि त्याचं श्रेय बहुतेक ठिकाणी एल साल्वादोरच्या कॉफी उत्पादक आयदा बाटये यांना दिलं जातं. सालीच्या ढिगाला येणारा फुलांसारखा वास त्यांच्या लक्षात आला आणि त्यांनी ती पाण्यात घालून बघितली. तोपर्यंत बहुतेक मळ्यांवर ही साल म्हणजे कुजवून खत करायचा किंवा टाकून द्यायचा माल होता. युरोपियन युनियनमध्ये मात्र एक वेगळीच अडचण आली, तिथल्या नियमाप्रमाणे 15 मे 1997 च्या आधी युनियनमध्ये फारसा खाल्ला न गेलेला पदार्थ नवीन अन्न ठरतो आणि परवानगीशिवाय विकता येत नाही. बाहेरच्या देशात किमान 25 वर्षं सुरक्षितपणे खाल्ल्याचा पुरावा दिला तर पारंपरिक अन्न म्हणून सोपा मार्ग आहे, आणि किश्रसारखी जुनी पेयं इथे कामाला आली. जानेवारी 2022 मध्ये वाळवलेल्या कॉफीफळाच्या गराला या मार्गाने मंजुरी मिळाली.

वाळवणं हे सगळ्यात नाजूक काम. ताज्या सालीत तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी आणि वर भरपूर साखर, म्हणजे यीस्ट आणि बुरशीला पक्वान्नच. पल्परमधून निघालेला ढीग तसाच राहिला तर काही तासांतच आत गरम होतो, आंबतो, व्हिनेगरसारखा वास मारतो. म्हणून पिकलेली, न फुटलेली फळं घ्यायची, पल्पर आणि पाणी स्वच्छ हवं, साल लगेच जाळीच्या उंच खाटांवर पातळ पसरायची आणि पहिले दोन दिवस तरी सारखी हलवत राहायची, शेवटी ओलावा साधारण बारा टक्के किंवा त्याच्या खाली आला पाहिजे. नीट वाळलेली साल बोटांत धरली की कडकन मोडते, मनुक्यासारखी मऊ लवत असेल तर आत ओल आहे. करडे पांढरट ठिपके किंवा ओल्या गोणपाटासारखा वास आला तर ती पिऊ नये, कारण बुरशीतून ऑक्रॅटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं आणि ते उकळून जात नाही. फवारणी थेट सालीवर बसते, म्हणून बीसाठी ठीक असलेली बाग सालीसाठी ठीक असेलच असं नाही.

चवीबद्दल लोकांची अपेक्षा हमखास चुकते, कॉफीची चव येईल असं वाटतं आणि ती अजिबात येत नाही, कारण कॉफीची ओळखीची चव भाजण्यातून येते आणि ही साल सहसा भाजलेलीच नसते. कपात पाणी ओतलं की चुरगळलेले तांबूस तपकिरी तुकडे हळूहळू फुगतात, कडा उलगडतात, आणि पाण्याला आधी मधासारखा मग तांबूस सोनेरी रंग चढतो. वास मनुका, वाळलेलं सफरचंद, कधी गुलाब, चव गोडसर आणि मागे चिंचेसारखी किंचित आंबट. काळ्या चहासारखी जीभ आवळून धरत नाही, बराच वेळ ठेवला तरी फार कडू होत नाही. फळं अर्धी कच्ची असतील तर चव गवतासारखी आणि फिकी, आणि वाळताना आंबली असतील तर दारूसारखा उग्र वास येतो, काही जण तो मुद्दाम आणतात पण त्यात साल मुळची कशी होती ते झाकलं जातं. आल्याबरोबर उकळलेला किश्र यापेक्षा तिखट आणि जाड, दोघांची तुलना करून एकाला कमी ठरवण्यात अर्थ नाही.

आता कॅफीन. कास्कारामध्ये कॉफीपेक्षा जास्त कॅफीन असतं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं, आणि दुसरीकडे यात कॅफीन नसतंच असंही, दोन्ही चूक. वाळलेल्या सालीत कॅफीनचं प्रमाण साधारण अर्धा ते सव्वा टक्का असतं, जात आणि माल बदलला की बदलतं. अरेबिका या कॉफीच्या जातीच्या बीत ते सव्वा टक्क्याच्या आसपास, म्हणजे वजनाला वजन धरलं तरी साल पुढे जात नाही, फार तर बरोबरीला येते. पण पिताना आपण वजन नाही, कप मोजतो. लंडनच्या कॉफी भाजून विकणाऱ्या एका कंपनीने 2013 मध्ये वेगवेगळ्या प्रकारे केलेला कास्कारा प्रयोगशाळेत तपासून घेतला, त्यात सगळ्यात जास्त निघालं ते लिटरला 111.4 मिलिग्रॅम, आणि त्यांनीच तुलनेला धरलेली कॉफी लिटरला 400 ते 800.

हे असं का, तर एक हिशेब करून बघू. 250 मिलिलिटर फिल्टर कॉफीला साधारण 15 ग्रॅम पूड लागते, सव्वा टक्क्याने त्यात 187 मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन, पूड बारीक दळलेली असल्यामुळे त्यातलं बहुतेक पाण्यात उतरतं, समजा 150. तेवढ्याच पाण्याला कास्कारा 7 ग्रॅम घेतला आणि कॅफीन पाऊण टक्का धरलं तर सालीत मुळातच 52 मिलिग्रॅम, आणि तुकडे मोठे, पाचसहा मिनिटंच भिजलेले, म्हणून सगळं बाहेर येत नाही. वरच्या तपासणीच्या आकड्याने कपात 28 मिलिग्रॅम येतात, ते या हिशेबात बसतं. तेवढ्याच काळ्या चहात साधारण 55 धरतात, म्हणजे असा कास्कारा चहाच्याही निम्म्यावर. प्रौढांसाठी युरोपियन अन्न सुरक्षा संस्थेने दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत काळजीचं कारण नाही असं म्हटलंय आणि गरोदरपणात 200, त्या मानाने एक कप फार नाही, पण शून्यही नाही, त्यामुळे ज्यांची झोप कॅफीनने उडते त्यांनी संध्याकाळी जपूनच घ्यावा.

आकडा बदलतो तो मुख्यतः सालीचं प्रमाण वाढवलं की. कोल्ड ब्रूला, म्हणजे थंड पाण्यात भिजवून केलेल्या पेयाला, कित्येकदा दुप्पट साल घेतात आणि रात्रभर ठेवतात, किश्र तर उकळतच असतो, आणि सिरप केलं की थोड्या पाण्यात बरीच साल आटवलेली असते, त्यामुळे या तिन्हींना वरचा 28 चा आकडा लावू नये. रोबस्टा या दुसऱ्या कॉफीच्या जातीची साल असेल तर कॅफीन जास्त असण्याची शक्यता धरून चालावं, कारण रोबस्टाच्या बीतच ते अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं, पण सालीचा वेगळा तपास झालेला नसेल तर नेमका आकडा सांगता येत नाही आणि पाकिटावर तो क्वचितच छापलेला असतो.