जवळचा थांबा आधी की एकूण अंतर कमी? दोन्ही एकच नव्हेत

डिलिव्हरीची फेरी लावताना बहुतेक जण एकच नियम पाळतात. आत्ता जिथे उभे आहोत तिथून सर्वात जवळचं पार्सल आधी द्यायचं, मग तिथून सर्वात जवळचं, आणि असं करत शेवटपर्यंत. प्रत्येक पावलाला कमीत कमी अंतर निवडलं की बेरीजही कमीत कमीच येणार, असं मनात पक्कं बसलेलं असतं. पण 'पुढचा थांबा सर्वात जवळचा' आणि 'पूर्ण फेरी सर्वात छोटी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधी दोघींचं उत्तर एक येतं, आणि त्यामुळेच त्यांची गल्लत होते. पण थांबे वाढत गेले की उत्तरं वेगळी पडू लागतात.

हे पाहायला नकाशाही लागत नाही, एक सरळ रस्ता पुरतो. रस्ता पूर्व-पश्चिम आहे आणि त्यावर मधे कुठेतरी आपलं गोदाम आहे. चार पार्सलं द्यायची आहेत. अ हा थांबा गोदामापासून पूर्वेला 1 किलोमीटरवर, ब पश्चिमेला 2 किलोमीटरवर, क पूर्वेला 5 किलोमीटरवर आणि ड पश्चिमेला 10 किलोमीटरवर. चारही देऊन गोदामात परत यायचं.

आता जवळचा आधी. गोदामातून अ सर्वात जवळ, 1 किलोमीटर. अ वरून पाहिलं तर ब 3 किलोमीटर आणि क 4 किलोमीटर, म्हणून गाडी वळवून ब. ब वरून क 7 आणि ड 8, म्हणून पुन्हा वळवून क. उरला ड, तो क पासून 15 किलोमीटर. तिथून गोदाम 10. बेरीज 1 + 3 + 7 + 15 + 10 म्हणजे 36 किलोमीटर. एकाही ठिकाणी चुकीचा हिशेब केलेला नाही. दर वेळी खरोखरच जवळचा थांबा घेतला आहे.

आता हेच चार थांबे वेगळ्या क्रमाने घेऊ: अ, क, ब, ड. गोदाम ते अ 1, अ ते क 4, क ते ब 7, ब ते ड 8, परत 10. एकूण 30. सहा किलोमीटर वाचले, आणि ते वाचवण्यासाठी अ वर उभं असताना 3 किलोमीटरवरचा ब सोडून 4 किलोमीटरवरचा क घ्यावा लागला. त्या क्षणी एक किलोमीटर जास्त गेल्यासारखं वाटतं. फायदा दिसतो तो पुढे, पूर्वेकडे पुन्हा यावं लागत नाही तेव्हा.

30 पेक्षा कमी जमेल का? नाही, आणि ते खात्रीने सांगता येतं. पूर्वेचं टोक 5 किलोमीटरवर आणि पश्चिमेचं 10 वर. दोन्ही टोकांना जाऊन परत यायचं तर मधला 15 किलोमीटरचा रस्ता निदान दोनदा कापावाच लागतो. म्हणजे 30 ही खालची मर्यादा झाली, आणि आपली फेरी बरोबर तिथे पोहोचली आहे. मला ही खालची मर्यादा काढण्याची सवय फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्याशिवाय 'आता याहून चांगलं होणार नाही' हे म्हणायला आधारच नसतो. खऱ्या रस्त्यांच्या जाळ्यात ती इतक्या सहज सापडत नाही, पण संगणक वापरणारेही हाच विचार करतात: एका बाजूने फेरी छोटी करत आणायची, दुसऱ्या बाजूने खालची मर्यादा वर सरकवायची आणि दोन्ही भेटल्या की थांबायचं.

जवळचा-आधी हा नियम नेमका कुठे मार खातो? तो फक्त पुढचं एक पाऊल बघतो. मागे काय उरतंय आणि त्यासाठी परत किती यावं लागेल, हे त्याच्या हिशेबात येतच नाही. त्यामुळे सुरुवातीचे टप्पे छोटे छोटे पडतात आणि कोपऱ्यात राहून गेलेले थांबे शेवटी एकदम अंगावर येतात. वरच्या फेरीतले टप्पे पुन्हा वाचा: 1, 3, 7, 15. शेवटाकडे टप्पे लांबत जाणं ही पहिली खूण. दुसरी खूण अशी की गाडी त्याच रस्त्यावरून पुन्हा पुन्हा जाते. 36 च्या फेरीत गाडी निघाल्यानंतर गोदामाच्या दारावरून तीनदा जाते, 30 च्या फेरीत एकदाच.

तरी हा नियम टाकाऊ नाही. विखुरलेल्या बिंदूंवर संगणकाने केलेल्या चाचण्यांत तो सर्वोत्तम फेरीपेक्षा सरासरी साधारण 25 टक्के लांब फेरी देतो. कच्चा क्रम म्हणून तो चांगला आहे. पक्का क्रम म्हणून तो वापरायचा आणि दुरुस्ती करायचीच नाही, यात नुकसान आहे.

दुरुस्तीची सर्वात सोपी रीत 1958 साली क्रोस यांनी मांडली, तिला टू-ऑप्ट म्हणतात. फेरीतले कोणतेही दोन टप्पे तोडायचे, त्यांच्या मधला तुकडा उलटा करायचा आणि पुन्हा जोडायचा. बेरीज कमी झाली तर नवा क्रम ठेवायचा, नाही तर जुनाच. मग दुसरी जोडी घ्यायची. कोणत्याच जोडीने बेरीज कमी होईनाशी झाली की थांबायचं.

आपल्याच 36 च्या फेरीवर करून पाहू. क्रम होता गोदाम, अ, ब, क, ड, गोदाम. अ-ब हा 3 चा आणि क-ड हा 15 चा टप्पा तोडला. मधला तुकडा ब, क. तो उलटा केला की क, ब. नवीन टप्पे झाले अ-क 4 आणि ब-ड 8. गेले 18, आले 12. बाकी काहीच बदललं नाही आणि फेरी 36 वरून 30 वर आली. पूर्ण बेरीज पुन्हा करावी लागली नाही, फक्त चार आकडे पाहिले. कागदावर हाताने करायलाही ही रीत परवडते ती यामुळेच.

थांबे सरळ रेषेत नसतील तेव्हा नकाशावर फेरी रेषांनी जोडून बघा. कुठे दोन रेषा एकमेकींना छेदत असतील तर तिथे टू-ऑप्टला वाव आहे. 4 किलोमीटर लांब आणि 3 किलोमीटर रुंद आयताच्या चार कोपऱ्यांवर थांबे आहेत असं धरा. दोन्ही कर्ण आणि दोन छोट्या बाजू अशी फेरी 5 + 3 + 5 + 3 म्हणजे 16 किलोमीटर होते. कर्ण तोडून लांब बाजू घेतल्या की 14. हे केवळ आयतापुरतं खरं नाही. सरळ रेषेतल्या अंतरात छेद सोडवला की फेरी नेहमीच छोटी होते, कारण छेदबिंदूवरून वळसा घेऊन जाण्यापेक्षा दोन टोकं थेट जोडणं जवळचं पडतं. खऱ्या रस्त्यांवर मात्र छेद हा फक्त इशारा समजावा. मधे नदी असेल आणि पूल एकच असेल तर नकाशावर कुरूप दिसणारी फेरीही बरोबर असू शकते. म्हणून हिशेब नेहमी रस्त्याच्या अंतरांनी करायचा, हवाई अंतरांनी नाही.

टू-ऑप्टने सर्वोत्तम फेरी मिळेलच असं नाही. कधी कधी ती अशा क्रमावर अडकते जिथे कोणतीही दोन टप्प्यांची अदलाबदल उपयोगी पडत नाही, पण तीन टप्पे एकदम बदलले तर फरक पडला असता. मग सगळे क्रम तपासून का बघू नयेत? चार थांब्यांचे, उलट दिशा एकच धरली तर, 12 क्रम होतात. ते कुणीही तपासेल. दहा थांब्यांचे 18,14,400 होतात. पंधरा थांब्यांचे 65,000 कोटींच्या वर. इथून बरेच जण असा निष्कर्ष काढतात की मोठ्या फेरीचं अचूक उत्तर मिळणं अशक्यच. तेही बरोबर नाही. हा प्रश्न गणितात ट्रॅव्हलिंग सेल्समन प्रॉब्लेम या नावाने ओळखला जातो, आणि 1954 मध्येच डान्टझिग, फुल्करसन आणि जॉन्सन यांनी 49 शहरांची सर्वात छोटी फेरी सिद्धतेसह काढली होती. त्यांनी सगळे क्रम मोजले नाहीत. वर सांगितलेली खालची मर्यादा हुशारीने वर सरकवून त्यांनी बाकीचे क्रम न तपासताच बाद केले.

रोजच्या कामात याहून जास्त वेळा येणारा प्रसंग म्हणजे फेरी ठरल्यावर येणारं नवं पार्सल. समजा आपल्या 30 च्या फेरीत पूर्वेला 3 किलोमीटरवरचा इ हा थांबा वाढला. सवयीने तो शेवटी टाकला तर ड वरून इ 13, इ वरून गोदाम 3, आणि ड वरून परतीचे 10 वाचले, म्हणजे 6 किलोमीटर वाढले. तोच अ आणि क च्या मधे घातला तर 2 + 2 वजा 4, म्हणजे शून्य वाढ. नव्या थांब्यासाठी 'तो कुणाच्या जवळ आहे' हे विचारण्यापेक्षा 'कोणत्या दोघांच्या मधे घातल्यावर वाढ सर्वात कमी' हे विचारावं. आधीच्या थांब्यापासून नव्यापर्यंतचं अंतर, अधिक नव्यापासून पुढच्यापर्यंतचं, वजा त्या दोघांमधलं जुनं अंतर. प्रत्येक जागेसाठी हा एवढाच आकडा काढायचा.

नकाशाचं अ‍ॅप हे सगळं आपोआप करत असेल असं गृहीत धरू नका. दोन ठिकाणांमधला जवळचा रस्ता शोधणं हे एक काम आहे, थांब्यांचा क्रम ठरवणं हे दुसरं. अनेक अ‍ॅप पहिलं काम उत्तम करतात आणि थांबे मात्र आपण टाकले त्याच क्रमाने घेतात. क्रम लावण्याची वेगळी सोय आहे का ते बघावं लागतं.

आणि हिशेब सुरू करण्याआधी एक गोष्ट नक्की करायची: गाडी गोदामात परतणार आहे की शेवटच्या थांब्यावर काम संपणार आहे? परतायचं असेल तर आधी पूर्व करा की आधी पश्चिम, 30 च होतात. परतायचं नसेल तर पूर्व आधी उरकून ड वर संपवलं की 20 किलोमीटर, आणि पश्चिम आधी करून क वर संपवलं की 25. थांबे तेच, रस्ता तोच, तरी उत्तर बदललं. एकेरी रस्त्यांमुळेही असंच होतं. जाण्याचं आणि येण्याचं अंतर वेगळं असेल तर टू-ऑप्टमध्ये तुकडा उलटा करताना फक्त चार आकडे बघून भागत नाही, कारण उलट्या झालेल्या तुकड्यातला प्रत्येक टप्पा आता दुसऱ्या दिशेने कापला जाणार असतो आणि त्याचं अंतर नव्याने मोजावं लागतं.