मिटलेल्या ओठांमागचे दात आणायचे कुठून?

एका माणसाचं हसू दुसऱ्याच्या फोटोवर चढवायचं असेल तर गाल, डोळे, भुवया ओढूनताणून बसवता येतात. अडतं ते तोंडापाशी. हसणाऱ्याचे दात दिसतात आणि फोटोतल्या माणसाचे ओठ मिटलेले असतात. त्याच्या दातांचा एकही पिक्सेल फोटोत नाही, मग ताणणार काय?

फोटोत चेहऱ्यावरच्या खुणा शोधणाऱ्या dlib या सॉफ्टवेअर लायब्ररीचे नेहमीचे ६८ बिंदू घेतले की ही अडचण नेमकी दिसते. शून्यापासून मोजल्यास ६० ते ६७ हे ओठांच्या आतल्या कडेचे बिंदू. ओठ मिटले की वरचे ६१, ६२, ६३ आणि खालचे ६७, ६६, ६५ जवळजवळ एकमेकांवर येतात. बिंदू जोडून चेहऱ्याचे त्रिकोण पाडतात आणि तेच ताणतात, पण या बिंदूंमधल्या त्रिकोणांचं क्षेत्रफळ शून्याच्या आसपास जातं. असा त्रिकोण ताणला, तर ओठांमधली काळसर रेघच रुंद होऊन तोंडभर पसरते. २००१ मध्ये लिऊ, शान आणि झांग यांनी उजेडाच्या गुणोत्तरातून सुरकुत्या आणि खळ्या एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर नेल्या. पण गुणोत्तराने असलेला रंग उजळतो किंवा गडद होतो, नसलेला दात उगवत नाही.

त्यामुळे पुढची सगळी धडपड दात मिळवण्याची झाली. २०१५ मध्ये थीस आणि सहकाऱ्यांनी थेट चित्रीकरणात हावभाव बदलताना दातांची तयार प्रतिकृती वापरली. दात दिसले, पण ते त्या माणसाचे नव्हते. २०१६ च्या फेस-टू-फेस या पद्धतीने त्याच माणसाच्या व्हिडिओतून जुळणारं तोंड शोधून बसवलं. आमच्या मते आजही हाच सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे, फक्त त्या व्हिडिओत तो माणूस कधीतरी तोंड उघडून बोललेला हवा. एकच फोटो असेल तर हा मार्ग बंद. म्हणून २०१७ मध्ये अ‍ॅव्हरबुख-एलोर आणि सहकाऱ्यांनी तोंडाचा आतला भाग सरळ हसणाऱ्याच्या व्हिडिओतून उचलला.

उसने दात बसवताना क्रम महत्त्वाचा. आधी ओठ उघडायचे, आतल्या कडेने दात दिसतील तेवढा भाग आखून घ्यायचा, मग दात ओठांच्या मागच्या थरात ठेवायचे. वरचे दात कवटीला पक्के असतात. ते डोक्याबरोबर हलले पाहिजेत, वरच्या ओठाबरोबर नव्हे. खालचे दात जबड्याबरोबर जातात. ही चूक झाली की ओठ वर सरकताना दात लांब झालेले दिसतात. रंग जुळवताना डोळ्यांच्या पांढऱ्या भागाशी ताडून पाहावं, आणि तोंडाच्या कोपऱ्यांकडे दात गडद करत न्यावेत, कारण तिथे ओठांची सावली पडते. ती विसरली की कवळी चिकटवल्यासारखं वाटतं.

२०१९ च्या फर्स्ट ऑर्डर मोशन मॉडेल या एकाच फोटोला हलवणाऱ्या पद्धतीत न्यूरल नेटवर्क स्वतःच झाकलेला भाग ओळखून भरतं. पण २५६ × २५६ च्या चौकटीत तोंड समजा ५० पिक्सेल रुंद असेल आणि ८ दात दिसत असतील, तर एका दाताला जेमतेम ६ पिक्सेल येतात. दातांमधल्या फटी पुसल्या जाऊन सलग पांढरी पट्टी उरते. व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे नेत पाहिला तर दातांची संख्याही बदलताना सापडते.