एसआयपी वाढली, पट्टी निसटली

आमचा एक मित्र शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवतो. वय 29, हातात महिना 40 हजार, त्यातले 22 हजार सेव्हिंगला, कारण आठवड्याला चार ओव्हरटाइम. जमलेले 6 लाख, टार्गेट 15 लाख. झोप सहाच तास पण "मला सवय झालीया, काय होत नाही" हे ठरलेलं उत्तर. मग एका रात्री टूल ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनला द्यायच्या हत्याराच्या मापात, 0.5 च्या जागी 5 टाकला आणि मशीनवरचा तुकडा गेला भंगारात.

आता ही "सवय" जरा बघूया. 2003 साली अमेरिकेत डेव्हिड डिंजेस आणि सहकाऱ्यांनी 48 निरोगी माणसं घेतली, काहींना 14 दिवस रोज सहाच तास झोपू दिलं आणि स्क्रीनवर खूण दिसली की बटण दाबायचं, असं एक काम दिलं. दोन आठवड्यांनी सहा तासवाले इतके चुकायला लागले की जणू अख्खी रात्र जागून आलेत. पण गंमत अशी, विचारलं तर म्हणायचे थोडीशीच झोप येतीय. म्हणजे थकवा मोजायचं यंत्रच आधी बिघडतं, त्यामुळं "मला बरं वाटतंय" हा पुरावा धरता येत नाही.

म्हणून आम्ही शाळेतली 30 सेंटीमीटरची पट्टी काढली. एकानं वरून सोडायची, दुसऱ्यानं खाली शून्यापाशी बोटं उघडी ठेवून चिमटीत पकडायची. 15 वर धरली तर साधारण 0.17 सेकंद लागले, 20 वर धरली तर 0.20. दहा वेळा करायचं, रोज त्याच वेळी. तुलना फक्त स्वतःच्या जुन्या आकड्याशी, आणि सरासरीपेक्षा पट्टी पूर्ण निसटली किती वेळा ते बघायचं. टेस्ट कच्ची आहे, निदान नव्हे. सुट्टीत गडी 16-17 वर धरायचा, ओव्हरटाइमच्या आठवड्यात दहातल्या दोनदा पट्टी थेट फरशीवर.

मग हिशोब मांडला. 58 पर्यंत 29 वर्षं काम, वर्षाला 4.8 लाख, म्हणजे 1 कोटी 39 लाखांची कमाई अजून त्याच्या अंगात आहे (पगारवाढ आणि महागाई एकमेकांना खातात असं धरून). बँकेतल्या 6 लाखांपुढं खरी मालमत्ता हीच की. शरीर दोनच वर्षं आधी थकलं तर 9.6 लाख गेले, उरलेल्या 9 लाखांच्या टार्गेटपेक्षा जास्त. दोन वर्षं हा माझा अंदाज आहे, कुणाचं किती जाईल सांगता येत नाही. आणि हा आकडा विकून दवाखान्याचं बिल भरता येत नाही, म्हणून तो वेगळ्या रकान्यात ठेवायचा, एफडीत मिसळायचा नाही.

त्यानं दोन ओव्हरटाइम सोडले. सेव्हिंग 18 हजारांवर आलं, व्याज सोडलं तर टार्गेट 41 ऐवजी 50 महिन्यांनी, म्हणजे नऊ महिने उशीर. यावर तो दोन दिवस कुरकुरला. आता वहीत एसआयपीच्या आकड्याशेजारी आठवड्याची झोपही लिहितो, गेल्या आठवड्यात 51 तास.