आडवं ठेवल्यावर पुढे, उभं केल्यावर मागे: मेकॅनिकल घड्याळातले दोन वेगळे फरक

मेकॅनिकल घड्याळ रात्री कसं ठेवलंय त्यावर सकाळचा टाइम बदलतो हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्यात दोन वेगळे फरक असतात आणि लोक ते सर्रास एकच समजतात. पहिला फरक आडव्या आणि उभ्या पोझिशनमधला, म्हणजे डायल वर करून सपाट ठेवलं की एक चाल आणि कडेवर उभं केलं की दुसरी. दुसरा फरक उभ्या पोझिशन्सच्या आपापसातला, म्हणजे क्राउन, चावी द्यायचं कडेचं बटण, वर असताना वेगळं आणि क्राउन खाली असताना वेगळं. दोघांची कारणं वेगळी आहेत, इलाजही वेगळा आहे, आणि रात्री घड्याळ कसं ठेवायचं हे नीट ठरवायचं असेल तर दोन्ही सुटे करून बघावे लागतात.

आधी आडवं-उभं घेऊ. घड्याळ सपाट असताना बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झोके घेणारं चाक, अक्षाच्या खालच्या बारीक दांडीच्या म्हणजे पिव्हटच्या गोलसर टोकावर फिरतं, भोवरा आरेवर फिरतो तसं, टेकलेला भाग अगदी बारीक त्यामुळे घर्षण फार कमी. उभं केलं की दोन्ही पिव्हट आडवे होतात आणि त्यांची कड ज्वेलच्या, म्हणजे पिव्हट ज्यात बसतो त्या खड्याच्या, भोकाच्या भिंतीला घासायला लागते, घर्षण वाढतं आणि अँप्लिट्यूड म्हणजे बॅलन्स मधल्या जागेपासून एका बाजूला किती अंश फिरतं ते कमी होतं. चांगल्या घड्याळात सपाट असताना 300 च्या आसपास असेल तर उभं केल्यावर 270 वगैरे होतं, हे नॉर्मल आहे.

आता खरं तर झोका छोटा झाला म्हणून वेळ बदलायला नको, आदर्श हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्सला मध्याकडे परत ओढणाऱ्या बारीक स्प्रिंगला, झोका मोठा काय नि छोटा काय, सारखाच वेळ लागायला हवा. प्रत्यक्षात तसं होत नाही. चाल कमीजास्त करायच्या रेग्युलेटरच्या दोन पिनांमध्ये स्प्रिंगला थोडी मोकळी जागा असते, झोका लहान झाला की स्प्रिंग पिनांना न टेकता जास्त वेळ मधेच राहते, म्हणजे तिची कामाची लांबी जरा वाढते आणि घड्याळ मागे पडतं. शिवाय बॅलन्सला धक्के देत चालतं ठेवणारं लिव्हर एस्केपमेंट प्रत्येक धक्क्याला बॅलन्सला थोडं अडवतं, आणि झोका लहान असला की तो अडथळा प्रमाणात मोठा पडतो. म्हणून बहुतेक घड्याळं उभी असताना सपाटपेक्षा मागे पडतात. उलटं चालणारीही असतात, त्यामुळे आपल्या घड्याळाचं मोजूनच बघायचं.

दुसऱ्या फरकात घर्षणाचा फारसा संबंध नाही, कारण क्राउन वर असो नाहीतर खाली, पिव्हट सारखेच घासतात आणि अँप्लिट्यूड जवळपास तेवढंच राहतं, तरी चाल बदलते. कारण असतं पॉइज, म्हणजे बॅलन्सच्या वजनाचा समतोल. बॅलन्स व्हीलची एक बाजू दुसरीपेक्षा केसभर जड असली की उभ्या पोझिशनमध्ये गुरुत्वाकर्षण ती बाजू खाली ओढतं. घड्याळ सपाट असताना हा जडपणा काहीच करत नाही कारण ओढ अक्षाच्या दिशेतच असते. हेअरस्प्रिंगचं वजन मध्यावर नसेल तरी उभ्यात असाच परिणाम होतो.

हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो. जड बाजू स्थिर स्थितीत खाली असेल आणि झोका छोटा असेल तर गुरुत्वाकर्षण स्प्रिंगला मदत करतं, बॅलन्स लवकर परत येतं, घड्याळ पुढे जातं. पण झोका मोठा असेल तर जड बाजू वरचं टोक ओलांडून पलीकडे जाते आणि तिथे गुरुत्वाकर्षण तिला स्प्रिंगच्या विरुद्ध दिशेला ढकलतं, म्हणून तेच घड्याळ त्याच पोझिशनमध्ये मागे पडतं. ही पलटी साधारण 220 अंशांवर होते, तिथे पॉइजची चूक असूनही दिसत नाही. म्हणून वॉचमेकर पॉइज तपासताना मुद्दाम चावी कमी देऊन अँप्लिट्यूड 160-180 वर आणतात, तिथे चूक चांगली उठून दिसते.

टूरबियॉनचा उपयोगही इथेच कळतो. घड्याळजी ब्रेगेने 1801 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि बॅलन्सला एस्केपमेंटसकट गोल फिरवत ठेवून तो हा दुसरा फरक सरासरीत विरवून टाकतो, खिशात उभ्या राहणाऱ्या घड्याळासाठी ते बरोबरच होतं. आडव्या-उभ्यातला फरक मात्र त्याने जात नाही, पिव्हट घासायचे ते घासतातच.

आता एक उदाहरण घेऊ. पूर्ण चावी दिलेलं घड्याळ, सेकंद दिवसाला: डायल वर +8, डायल खाली +7, क्राउन वर −9, क्राउन खाली +3. समोरासमोरच्या दोन उभ्या पोझिशन्सची सरासरी घेतली की पॉइजचा परिणाम बराचसा कटतो, इथे ती −3 येते. सपाटची सरासरी 7.5, म्हणजे आडव्या-उभ्यातला फरक साडेदहा सेकंदांचा. क्राउन वर आणि खाली यांच्यातला 12 सेकंदांचा फरक वेगळा, तो पॉइजचा. नुसतं "डायल वर +8 आणि क्राउन वर −9, अरे बापरे 17 सेकंद" असं बघितलं तर दोन्ही एकात मिसळतात आणि नेमकं काय दुरुस्त करायचं तेच कळत नाही.

समजा दिवसाचे 16 तास मनगटावर हे घड्याळ 4 सेकंद पुढे जातं. रात्रीचे 8 तास म्हणजे दिवसाचा तिसरा हिस्सा, त्यामुळे डायल वर ठेवलं तर रात्रीत आणखी 2.7 सेकंद वाढतील आणि 24 तासांत जवळपास +7 होईल. क्राउन खाली करून ठेवलं तर एकूण +5. क्राउन वर ठेवलं, म्हणजे 9 च्या बाजूवर उभं केलं, तर रात्रीत 3 सेकंद कमी होतात आणि उरतात +1. या घड्याळाला क्राउन वर. पट्टा बंद केला की बहुतेक घड्याळं अशी आरामात उभी राहतात, खाली मऊ कापड घाला म्हणजे केसला ओरखडे येणार नाहीत.

पण इथे चावीचं भान ठेवायला लागतं. ऑटोमॅटिक दिवसभर हातात असेल तर रात्री जवळपास पूर्ण भरलेलं असतं, तिथे हे आकडे लागू पडतात. हाताने चावी द्यायचं घड्याळ सकाळी भरलं असेल तर रात्रीपर्यंत अँप्लिट्यूड उतरलेलं असतं, 220 च्या जवळ आलं की क्राउन वर आणि खाली यातला फरक विरतो आणि त्याखाली गेलं की उलटा होतो. म्हणून मोजताना दररोज एकाच वेळी पूर्ण चावी द्या, एका पोझिशनला दोन-तीन रात्री, झोपताना आणि उठल्यावर फोनच्या टाइमशी ताळा करा आणि आलेल्या सेकंदांना 3 ने गुणा (8 तास असतील तर).

या युक्तीची मर्यादाही उदाहरणातच दिसते, सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट पोझिशन यात 17 सेकंदांचं अंतर आहे, रात्रीपुरतं ते साडेपाच-पावणेसहा. घड्याळ दिवसाला 20 सेकंद पुढे जात असेल तर ते रेग्युलेशनचं, म्हणजे एकूण चालच बदलून घ्यायचं काम आहे, त्यात सगळ्या पोझिशन्स साधारण सारख्याच सरकतात, पोझिशन्समधलं अंतर तेवढंच राहतं. आणि डायल वर आणि डायल खाली यातच मोठा फरक दिसला, समजा 10-15 सेकंद, तर कसं ठेवायचं हा विचार सोडून द्या. दोन्ही सपाटच आहेत, तिथे चाल जवळजवळ सारखी यायला हवी, नसेल तर एका बाजूचं पिव्हटचं टोक खराब झालंय, ज्वेलवर घाण किंवा वाळलेलं तेल आहे, नाहीतर हेअरस्प्रिंग कुठेतरी टेकतेय, आणि त्यासाठी घड्याळ उघडावंच लागतं.