प्लॅन २००चा, जुन्या लॅपटॉपला मिळतात ४५: पार्श्वभूमी

नव्या फोनवर स्पीड टेस्ट १९०च्या आसपास जाते. त्याच खोलीत, त्याच राउटरवर २०१२-१३ सालचा लॅपटॉप मात्र ४०-४५ एमबीपीएसच्या वर सरकत नाही. तक्रार पहिल्यांदा इंटरनेट कंपनीकडे जाते आणि तिथे लाइन ठीक असल्याचे उत्तर मिळते. ते उत्तर बहुतेक वेळा खरे असते. प्लॅन ४० किंवा ५०चा होता तोवर हा लॅपटॉप पूर्ण वेग देत होता, म्हणून कुणाला शंका आली नाही. प्लॅन वाढला आणि लॅपटॉपच्या वाय-फाय अडॅप्टरची मर्यादा उघडी पडली. ही मर्यादा घालणारे निर्णय मुख्यतः २००३ ते २००९ या काळात, 802.11n हे वाय-फायचे मानक घडत असताना झाले.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात उरकता येतो. १९९७ साली २ एमबीपीएस, १९९९ साली ११ आणि २००३ साली 802.11g मुळे २.४ गिगाहर्ट्झवर ५४. या सगळ्या काळात इंटरनेटची लाइनच इतकी संथ होती की वायरलेस कधी आड आले नाही. 802.11n चे काम २००३ साली सुरू झाले, २००७ साली कच्च्या मसुद्यावरच प्रमाणपत्रे द्यायला सुरुवात झाली आणि अंतिम मानक २००९ साली आले. चार स्ट्रीम, म्हणजे एकाच वेळी वाहणारे माहितीचे चार प्रवाह, आणि ४० मेगाहर्ट्झचा रुंद चॅनेल धरला तर त्याची कमाल ६००, आणि जाहिरातीत हाच आकडा गाजला.

पण मानकाने किमान अट फार खाली ठेवली होती. राउटरला किमान दोन स्ट्रीम बंधनकारक होते, लॅपटॉप आणि फोनला एकच पुरे होता. ५ गिगाहर्ट्झ ऐच्छिक, ४० मेगाहर्ट्झही ऐच्छिक. त्यामुळे एका अँटेनाचे, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे स्वस्त कार्डही रीतसर 802.11n ठरले, आणि मध्यम किमतीच्या लॅपटॉपमध्ये तेच मोठ्या प्रमाणावर बसले.

अशा कार्डाची कमाल सहज काढता येते. २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये माहिती वाहणाऱ्या ५२ उपवाहक लहरी असतात. उत्तम सिग्नलला प्रत्येकीवर ६ बिट बसतात आणि त्यातला एक षष्ठांश भाग चुका दुरुस्त करण्यासाठी राखीव असतो. म्हणजे एका ठोक्याला ५२ × ६ × ५/६ = २६० बिट. ठोका ३.६ मायक्रोसेकंदांचा, म्हणून वेग ७२.२ एमबीपीएस. हा हवेतला वेग झाला. पोचपावत्या, रांगेतली वाट आणि फेरप्रेषण यांत त्याचा तिसरा हिस्सा किंवा अधिक जातो, आणि स्पीड टेस्टवर ४० ते ५० दिसतात. ४० मेगाहर्ट्झला लहरी १०८ होतात आणि त्याच हिशोबाने १५० येतात. खोक्यावर छापला जायचा तो हा १५०.

खरा वाद इथेच होता: २.४ गिगाहर्ट्झवर ४० मेगाहर्ट्झ वापरू द्यायचे का? हा पट्टा जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद आहे. त्यात एकमेकांवर न चढणारे २० मेगाहर्ट्झचे तीनच चॅनेल नीट बसतात: १, ६ आणि ११. एकाने ४० घेतले की तिघांतली दोघांची जागा जवळजवळ संपते. ब्लूटूथही याच पट्ट्यात १ मेगाहर्ट्झच्या ७९ चॅनेलांवर उड्या मारत असतो आणि त्याला मोकळी जागा कमी उरते. विरोधकांचे म्हणणे होते की ४० फक्त ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. दुसऱ्या बाजूला, एकाच पट्ट्याच्या स्वस्त उपकरणांवर मोठा आकडा हवा असलेले होते.

शेवटी तडजोड झाली. ४०ला परवानगी मिळाली, पण राउटरने आधी कानोसा घ्यायचा. बाधित होणाऱ्या भागात दुसरे नेटवर्क ऐकू आले तर २०वर उतरायचे आणि मूळ ठरलेल्या मूल्यांनुसार सलग २५ मिनिटे तसे काही ऐकू आले नाही तरच पुन्हा ४०वर जायचे. शिवाय कोणतेही उपकरण ‘मला ४० चालत नाही’ अशी खूण पाठवू शकते, आणि ती ऐकली की राउटरला माघार घ्यावी लागते. काही लॅपटॉपच्या ड्रायव्हरमध्ये ही खूण Fat Channel Intolerant या नावाने दिसते.

हा निर्णय योग्यच होता, हे ठामपणे सांगायला हवे. दाट वस्तीत प्रत्येकाने ४० घेतले असते तर सगळ्यांचाच वेग बसला असता. चुकले ते पुढे: इमारतीत जिथे दहा-पंधरा नेटवर्क ऐकू येतात तिथे ही अट पाळणारा राउटर ४०वर जवळजवळ कधीच पोचत नाही, तरी विक्री १५०च्या आकड्यावर झाली. खरेदीदाराच्या हाती ७२.२चेच कार्ड पडले होते. फोनबाबतीत तर बहुतेक निर्मात्यांनी २.४वर ४० दिलेच नाही.

राउटरमध्ये 20/40 MHz Coexistence बंद करून ४० सक्तीने लावण्याचा सल्ला म्हणूनच बेभरवशाचा आहे. दाखवला जाणारा लिंक वेग १५० होतो, पण शेजारच्या नेटवर्कांशी टकरा वाढतात, माहितीची तीच पाकिटे पुन्हा पाठवावी लागतात आणि स्पीड टेस्ट कित्येकदा होती तिथेच राहते किंवा खाली येते. आसपास दुसरे नेटवर्क ऐकूच येत नसेल, तिथे मात्र त्याचा उपयोग होतो.

याच काळातली आणखी एक अट आजही फसवते. नेटवर्कची सुरक्षा WEP किंवा TKIP या जुन्या पद्धतीची असेल तर 802.11n चे वेग वापरायचे नाहीत, असे मानक सांगते. त्यामुळे चांगले दोन अँटेनाचे कार्डही ५४वर अडकते. जुन्या उपकरणासाठी राउटर कधीकाळी TKIP वर ठेवला असेल तर WPA2 आणि AES निवडल्याबरोबर फरक दिसतो. राउटरमधली WMM ही माहितीचा प्राधान्यक्रम लावणारी सोय बंद असेल तरी हाच परिणाम होतो.

२०१३ अखेर 802.11ac आले, तेही फक्त ५ गिगाहर्ट्झवर. ८० मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये एका स्ट्रीमला ४३३ मिळू लागले, पण ज्याच्या कार्डाला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही त्याला राउटर बदलून काही मिळाले नाही. त्यानंतरही काही वर्षे कमी किमतीचे लॅपटॉप जुन्याच कार्डासह विकले गेले, त्यामुळे खरेदीचे साल पाहून खात्री होत नाही. २०१८ साली पिढ्यांना क्रमांक मिळाले: n ला ४, ac ला ५, ax ला ६. क्रमांकांनी खरेदी सोपी झाली, मात्र ‘वाय-फाय ४’ म्हटल्यावर कार्ड एका पट्ट्याचे की दोन, एका स्ट्रीमचे की तीन, हे आजही कळत नाही.

ते कळण्यासाठी विंडोज लॅपटॉपवर Command Prompt मध्ये दोन आज्ञा पुरतात. दुसरी चालवताना एखादी मोठी फाइल डाउनलोड होत असू द्यावी, कारण निवांत असताना कार्ड वेग खाली आणते.

```
netsh wlan show drivers
netsh wlan show interfaces
```

सुरुवातीच्या लॅपटॉपचे उदाहरण घेऊ. पहिल्या आज्ञेत Radio types supported पुढे 802.11b, 802.11g आणि 802.11n एवढेच दिसते. 802.11a किंवा 802.11ac नाही, म्हणजे ५ गिगाहर्ट्झ नाही. दुसरीत Channel पुढे 6 आणि Receive rate पुढे 72.2 येते. निदान इथेच पूर्ण झाले: एक स्ट्रीम, २० मेगाहर्ट्झ, आणि तेही कमाल वेगावर. राउटर जवळ आणून, चॅनेल बदलून किंवा ड्रायव्हर नवा टाकून यापुढे काही वाढणार नाही. तिथे 144.4 दिसले असते तर कार्ड दोन स्ट्रीमचे ठरले असते. 54 दिसले असते तर आधी TKIP तपासावे. आणि 26 किंवा 39 दिसले तर दोष सिग्नलचा, अंतराचा किंवा मधल्या भिंतींचा.

यादीत 802.11a किंवा 802.11ac असूनही राउटरचे ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क दिसत नसेल, तर राउटर चॅनेल 36 वर लावून पाहावे. काही जुनी कार्डे वरचे चॅनेल ऐकत नाहीत. राउटर सहाव्या पिढीचा असेल तर ड्रायव्हरही अद्ययावत करावा, कारण काही 802.11ac कार्डांच्या जुन्या ड्रायव्हरला ax चालू असलेले नेटवर्क यादीत दिसतच नाही. फक्त WPA3 सुरक्षा ठेवलेल्या नेटवर्कला जुने कार्ड जोडले जात नाही, तिथे WPA2/WPA3 असा मिश्र पर्याय ठेवावा लागतो.

आपल्या उदाहरणात सर्वांत स्वस्त उपाय नेटवर्क केबलचा. पण त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपचा पोर्ट १००चा असतो आणि त्यावर ९४च्या आसपास मिळतात. जोडणीच्या माहितीत Link speed पुढे 100/100 दिसले की हे समजते. पोर्ट गिगाबिट असूनही १०० दिसत असतील तर केबलच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटलेली असण्याची शक्यता मोठी.

पूर्ण २०० हवे असतील तर 802.11ac चा यूएसबी अडॅप्टर घ्यावा. एका स्ट्रीमचे ४३३ प्रत्यक्षात २००च्या प्लॅनला पुरतात, आणि यूएसबी २.० पोर्टची ४८० एमबीपीएसची मर्यादाही इथे आड येत नाही. अडॅप्टर लावल्यावर Device Manager मध्ये जुने कार्ड Disable करावे आणि ५ गिगाहर्ट्झच्याच नेटवर्कला जोडावे. अन्यथा नवा अडॅप्टरही २.४वर बसून पुन्हा ७२ किंवा १४४ दाखवत राहतो. यूएसबी ३.० पोर्टमधून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झला बाधतो, हेही ५ निवडण्याचे एक कारण.

आतले कार्ड बदलणे दिसायला नीटनेटके वाटते, पण अडचणी तिथेच जास्त आहेत. त्या काळची कार्डे बहुधा अर्ध्या लांबीच्या मिनी पीसीआय एक्स्प्रेस खाचेत बसतात. नंतरची एम.२ कार्डे तिथे थेट बसत नाहीत आणि त्यांचे अँटेनाचे कनेक्टरही लहान असतात. अनेक लॅपटॉपचे बायोस फक्त मंजूर यादीतली कार्डे स्वीकारते आणि अनोळखी कार्ड दिसले की मशीन सुरूच होत नाही. शिवाय एका अँटेनाच्या लॅपटॉपमध्ये पडद्याच्या कडेतून एकच वायर आलेली असते आणि ती अँटेना २.४साठी कापलेली असू शकते. मग ५वर सिग्नल दुबळा पडतो. खालचे झाकण उघडून वायरी मोजल्याशिवाय कार्ड मागवू नये.

फोनमध्ये चिप बोर्डावर झाळलेली असते, त्यामुळे ती बदलता येत नाही. वाय-फायच्या यादीत ५ गिगाहर्ट्झचे नाव येत नसेल आणि जोडलेल्या नेटवर्कच्या तपशिलात लिंक वेग 65 किंवा 72 दिसत असेल, तर त्या फोनला २००च्या प्लॅनवरही ४०-५०च मिळतील.